धागा: नानांनी तोंडी सांगितलेला तक्रार अर्ज नीट कसा करू?

मृण्मयी_क | १७ मे २०२५, सकाळी ९.४०

सासऱ्यांना (आम्ही त्यांना नाना म्हणतो) वीजबिलाबद्दल तक्रार अर्ज द्यायचा आहे. हात थरथरतो म्हणून काल त्यांनी मला बोलून सांगितलं आणि मी फोनवर रेकॉर्ड करून नंतर जसंच्या तसं उतरवून काढलं. तेच खाली देतेय.

"हं, चालू झालं का? लिही. प्रति उपअभियंता साहेब... नाही, उपकार्यकारी अभियंता, बोर्डावर तसं आहे. विषय, वीजबिल फार आलंय. फार नको लिहू, चुकीचं लिही. महोदय, मी आपला तीस वर्षांचा ग्राहक, एकही बिल थकवलं नाही. आम्ही नऊ फेब्रुवारीला लेकीकडे नाशिकला गेलो, बाळंतपण होतं, मुलगी झाली, हे नको लिहू. अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी आलो. घर बंद. फ्रिजसुद्धा बंद करून गेलो, आतला शेवटचा बटाटासुद्धा काढला. मधली दोन बिलं आली शहाण्णव शहाण्णव युनिटची, सरासरी, घर बंद म्हणून. अगं पण मीटर जिन्याखाली आहे, खालच्या भाडेकरूची स्कूटर लागते तिथे, रस्त्यावरून दिसतो, जाऊ दे ते. आणि आता हे बिल, नऊशे एकोणचाळीस, थांब, चष्मा दे, नऊशे छत्तीस युनिट. पावणेअकरा हजार रुपये! तेरा तारखेला ऑफिसात गेलो, नाही, बारा, सोमवारी गेलो, दोन नंबरच्या खिडकीवर, तीन नंबरच्या, तो चष्मेवाला म्हणतो आधी भरा मग बघू. नालायक माणूस, बसासुद्धा म्हणाला नाही. मी परवा मीटरचा फोटो काढला, सात हजार आठशे पासष्ट दिसतंय, आणि बिलावर आठ हजार सातशे अडतीस. म्हणजे मीटर उलटा फिरला का? हे असंच लिही. गेल्या दिवाळीतपण असंच झालं होतं. तर साहेब, आता काय ते बघा. संपलं, बंद कर."

यावरून मी असं लिहिलं:

"महोदय, मी आपला ३० वर्षांपासूनचा प्रामाणिक ग्राहक आहे. काही काळ आमचे घर बंद होते. असे असताना आम्हास ९३६ युनिटचे सुमारे ११,००० रुपयांचे बिल आले आहे. याबाबत मी दि. १२ मे रोजी कार्यालयात गेलो असता मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही व मनस्ताप सहन करावा लागला. मीटर व बिलातील आकड्यांत तफावत आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती."

नानांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बरं आहे, पण हे माझं नाही." मलाही काहीतरी निसटल्यासारखं वाटतंय. काय ते कळत नाही.

---

रानवारा७१ | १७ मे, १०.१५

अहो, बिल भरूच नका. एक रुपयाही नाही. वाद चालू असताना कनेक्शन तोडता येत नाही, कायदाच आहे तसा. अर्ज वगैरे नंतर. आधी त्या खिडकीवरच्या माणसाचं नाव काढा आणि वर तक्रार करा.

---

सुलभा_पेठकर | १७ मे, १०.५२

आमच्या सोसायटीत गळतीसाठी मी असंच पत्र बिल्डरला लिहिलं होतं. चार पानं! काही उपयोग झाला नाही. तुम्ही सरळ ग्राहक मंचात जा.

---

मृण्मयी_क | १७ मे, ११.०५

सुलभाताई, तक्रार कुठे करायची हा प्रश्न नाही हो. अर्ज आधी उपविभागातच द्यायचा असं नानांनी ठरवलंय. बोललेल्याचं लिहिलेलं कसं करायचं, एवढंच मला हवंय.

---

देव_लघुलेखक | १७ मे, दुपारी १२.३०

मृण्मयी, मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं, त्यामुळे तुझा कागद दोनदा वाचला. तुझी भाषा चांगली आहे. अडचण अशी झाली की नानांनी जे जाता जाता सांगितलं ते तू गाळलंस, आणि त्यांची बाजू नेमकी तिथेच उभी होती.

सांगणारा माणूस एकाच दमात तीन गोष्टी बोलत असतो. पत्रातला मजकूर, तुला दिलेल्या सूचना, आणि स्वतःशी केलेलं बोलणं. "फार नको लिहू, चुकीचं लिही" ही सूचना आहे, ती तू बरोबर ओळखलीस. पण "हे नको लिहू" कशाबद्दल होतं? मला वाटतं, फक्त "मुलगी झाली" याबद्दल. तू मात्र आख्खं नाशिक काढून टाकलंस आणि त्याबरोबर नऊ फेब्रुवारीही गेली. आता अर्जात "काही काळ घर बंद होते" एवढंच उरलं. वाचणारा विचारणार, किती काळ? दोन दिवस की अडीच महिने? "हे नको" असं म्हटलं की ते मागे कुठपर्यंत लागू होतं, हे लगेच विचारून घ्यायचं असतं. अंदाजाने ठरवायचं नाही.

दुसरं, "जाऊ दे ते." हा शब्द ऐकला की माझी पेन्सिल थांबायची, कारण माणूस जे क्षुल्लक समजून सोडून देतो ते पुष्कळदा कामाचं निघतं. मीटर जिन्याखाली आहे आणि रस्त्यावरून दिसतो, असं नाना म्हणतात. मग घराला कुलूप होतं म्हणून रीडिंग घेता आलं नाही आणि सरासरी लावली, हे टिकतं का? फेब्रुवारी-मार्चमध्ये रीडिंग घेता येत होतं आणि ते घेतलं नाही. हे स्कूटरच्या गोष्टीत दडलं होतं. स्कूटर काढ, जिना ठेव.

आता मला तीन गोष्टी सांग. बिलावर मागील रीडिंग किती आहे? रीडिंगची तारीख काय? आणि फोटो नक्की कोणत्या दिवशी काढला? "परवा" असं पत्रात चालत नाही. आपल्याकडे परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वीचाही आणि दोन दिवसांनी येणाराही, शिवाय "अलीकडे कधीतरी" या अर्थानेही लोक सर्रास म्हणतात.

---

मृण्मयी_क | १७ मे, १.२०

देवकाका, बिल समोर घेऊन बसलेय. मागील रीडिंग ७८०२, तारीख ५ फेब्रुवारी. चालू रीडिंग ८७३८, तारीख ५ मे. फरक ९३६, म्हणजे नानांनी चष्मा लावून वाचलेला आकडा बरोबर आहे. बिलाची तारीख ८ मे, रक्कम १०,७८० रुपये, शेवटची तारीख २८ मे. फोटोची माहिती फोनमध्ये पाहिली, १४ मे. आणि पुरवठा दिनांक १९९८ मधला आहे, म्हणजे तीस नाही, सत्तावीस वर्षं. बिलावर मीटरचा फोटो छापलाय, पण तो इतका काळा आहे की काही दिसत नाही.

"पावणेअकरा हजार" ऐकून मी सुमारे ११,००० लिहिलं होतं. चूक झाली.

---

कोकणकडा_अनि | १७ मे, १.४५

पावणेअकरा म्हणजे १०,७५०. नानांनी ऐकीव नाही, जवळपास अचूक सांगितलं होतं. आपल्या पाव-पाऊण-सव्वा-दीडच्या आकड्यांत बोलणारा पुष्कळदा अगदी जवळचं सांगतो आणि लिहिणारा ते गोल करून बिघडवतो. एकोणचाळीस-छत्तीससारख्या ठिकाणी तर डोळा फसतोच. म्हणून रक्कम बिलावरचीच टाका, "सुमारे" न लिहिता.

पण एक विचारतो. ५ मेला ८७३८ आणि १४ मेला ७८६५? रीडिंग घेणाऱ्याने ७८३८ च्या जागी ८७३८ लिहिलं असणार! पहिले दोन अंक उलटे झालेत. हे अर्जात ठासून लिहा.

---

देव_लघुलेखक | १७ मे, २.१०

अनि, तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. ७८०२ पासून ७८३८ म्हणजे ३६ युनिट, बंद घराला ते शोभतंही. पण अर्जात ते लिहू नये असं मला वाटतं. नानांनी ते पाहिलेलं नाही. चूक कशी झाली हे आपण सांगितलं आणि ते वेगळंच निघालं, तर सगळा वाद आपल्या अंदाजावर येऊन बसतो. दोन आकडे आणि दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पुरे. अंक उलटले हे त्यांचं त्यांना दिसेल.

---

कोकणकडा_अनि | १७ मे, २.२५

मान्य नाही काका. कार्यालयात एवढा विचार करत कुणी वाचत नाही. चूक बोट ठेवून दाखवली तर दुरुस्ती लवकर होते. "असे वाटते" म्हणून लिहायला काय हरकत आहे?

---

शाळामास्तर_वि | १७ मे, ३.००

भाषेबद्दल लिहितो. कार्यालयीन पत्र असल्याने "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" अशी सुरुवात हवी, आणि सर्वत्र "अर्जदार" असा उल्लेख हवा. "मी गेलो" हे बोलीसारखं वाटतं. "अर्जदार यांनी समक्ष भेट दिली असता" असं करा.

---

देव_लघुलेखक | १७ मे, ३.४०

मास्तर, विषय आणि संदर्भ या ओळी हव्यात, हे तुमचं बरोबर. त्यांच्यामुळे अर्ज योग्य टेबलावर जातो. पण "अर्जदार" तिथे शोभतो जिथे वकील किंवा कारकून दुसऱ्यासाठी लिहितो. खाली सही नानांची आहे. उद्या साहेबांनी विचारलं, "आजोबा, हे काय लिहिलंय?" तर त्यांना प्रत्येक वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे. "मी गेलो" यात बोली काही नाही. तक्रारीत कोणी, कधी, कुठे, काय केलं, हे कर्त्यासकट दिसायला हवं. "भेट देण्यात आली", "सांगण्यात आले" असं करत गेलं की कोणी कोणाला सांगितलं ते पुसट होतं.

"मनस्ताप" मात्र काढ, मृण्मयी. तो शब्द नानांनी म्हटलाच नाही, तुझा आहे. नानांनी काय सांगितलं? तीन नंबरच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी भरा, मग बघू." हे वाक्य सोन्यासारखं आहे आणि तू त्याचं "समाधानकारक उत्तर मिळाले नाही" असं करून टाकलंस. शिवी गाळायची, वाक्य ठेवायचं. चष्मा गाळायचा, खिडकी ठेवायची. आणि खिडकीच्या बाबतीत "नाही" न म्हणताच दुरुस्ती झालीय बघ, दोन नंबर म्हणून लगेच तीन. तीनच धर, पण विचारून घे.

---

नीता_गो | १७ मे, सायं. ५.१५

मी मडगावला असते, पण माहेर तिकडचंच. एक शंका आहे. नाना तेरा म्हणाले, मग बारा, सोमवार म्हणाले. बारा मे, सोमवार, त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती ना? कार्यालय उघडं कसं असेल?

---

मृण्मयी_क | १७ मे, ५.५०

नीताताई!! खरंच की. आत्ता नानांना विचारलं. म्हणाले, "हो गं, सोमवारी गेलो तर बंद होतं, म्हणून मंगळवारी पुन्हा गेलो." म्हणजे पहिल्यांदा म्हणाले ते तेराच बरोबर होतं. दोन्ही फेऱ्या डोक्यात असल्याने बोलताना गोंधळले. मी "शेवटी म्हटलं ते खरं" असं धरून चालले होते.

अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, म्हणजे परत आलो २८ ला. बसची तिकिटं मोबाइलमध्ये सापडली, ९ फेब्रुवारी आणि २८ एप्रिल. खिडकी तीनच. आणि देवकाका, "हे नको लिहू" फक्त नातीबद्दलच होतं. म्हणाले, "आनंदाची गोष्ट भांडणाच्या कागदात नको."

---

देव_लघुलेखक | १७ मे, ६.३०

नीताताईंनी पकडलं ते मला सुटलं होतं. दुरुस्ती शेवटची म्हणून ती खरी, हा नियम नऊदा चालतो आणि दहाव्यांदा बुडवतो. दोन तारखा तोंडून आल्या की दोन्ही टिपून ठेवायच्या आणि कागदाशी, कॅलेंडराशी ताडून पाहायच्या. कागद नसेल तर सांगणाऱ्याला विचारायचं, "बारा आणि तेरा दोन्ही म्हणालात, त्या दोन्ही दिवशी काय काय झालं?" असं विचारलं की दोन फेऱ्या बाहेर येतात.

आता सगळ्यात मोठी उणीव. नानांनी मागणी केलेलीच नाही! "तर साहेब, आता काय ते बघा." आणि तू लिहिलंस "योग्य ती कार्यवाही". यावर "नोंद घेतली" असं उत्तर आलं तरी ती कार्यवाहीच झाली. नानांना नेमकं काय हवंय? हे तू मनाने घालू नकोस, त्यांच्याकडून काढून घे. बिल रद्द? मीटर तपासणी? आधी भरलेल्या दोन सरासरी बिलांचं काय?

---

कोकणकडा_अनि | १७ मे, ६.५०

ते दोन बिलांचं फार महत्त्वाचं आहे. ९६ आणि ९६, म्हणजे १९२ युनिटचे पैसे नानांनी आधीच भरलेत. मीटर तर ५ फेब्रुवारीपासून १४ मेपर्यंत सगळं मिळून ६३ युनिटच पुढे गेलाय (७८६५ वजा ७८०२). म्हणजे युनिटच्या हिशेबात त्यांचंच येणं निघतं. स्थिर आकार वेगळा, तो बंद घरालाही लागतो.

---

वीजग्राहक_ठा | १७ मे, रात्री ८.०५

वर कुणी म्हटलंय एक रुपयाही भरू नका. ते अर्धंच खरं आहे. वीज अधिनियम २००३, कलम ५६. पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही हेही खरं. पण त्यासाठी ग्राहकाने अंडर प्रोटेस्ट, म्हणजे बिल मान्य नाही असं नोंदवून, रक्कम भरलेली असावी लागते. एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, नाहीतर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकं दरमहाचं बिल. यातली कमी असेल ती. काहीच न भरता बसलात तर हे संरक्षण मिळत नाही. २८ मेच्या आत सरासरीची रक्कम भरून पावती ठेवा.

---

रानवारा७१ | १७ मे, ८.३०

सरासरीचं मला माहीत नव्हतं. माझ्या भावाने काहीच भरलं नव्हतं आणि त्याचं तोडलं होतं. आता कळलं का ते.

---

मृण्मयी_क | १८ मे, सकाळी १०.१०

काल रात्री नानांसमोर बसून एकेक गोष्ट विचारली. मागण्या त्यांनीच सांगितल्या. कलम ५६ ची माहिती वाचून दाखवली, तेव्हा म्हणाले, "सरासरी भरतो म्हणून लिही, कलमाचा नंबर नको. मी काय वकील आहे?" म्हणून तो घातला नाही. "मीटर उलटा फिरला का?" हे मात्र त्यांना हवंच होतं. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. "प्रामाणिक" काढलं, त्याऐवजी थकबाकी नाही एवढंच ठेवलं. नवा अर्ज:

दि. १९ मे २०२५

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
(उपविभागाचे नाव व पत्ता)

विषय: दि. ८ मे २०२५ च्या वीजबिलातील चुकीच्या रीडिंगबाबत व बिल दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ: ग्राहक क्रमांक व मीटर क्रमांक (दोन्ही बिलावरून)

महोदय,

मी १९९८ पासून आपला घरगुती ग्राहक असून माझ्याकडे कोणतीही थकबाकी नाही.

मला दि. ८ मे २०२५ रोजीचे ९३६ युनिटचे, रु. १०,७८० चे बिल मिळाले आहे. त्यात दि. ५ मे रोजीचे रीडिंग ८७३८ दाखवले आहे. मी दि. १४ मे रोजी मीटरचा फोटो काढला, त्यात रीडिंग ७८६५ आहे. मीटर उलटा फिरत नाही. त्यामुळे ५ मेचे रीडिंग १४ मेच्या रीडिंगपेक्षा ८७३ ने जास्त असणे शक्य नाही.

दि. ९ फेब्रुवारी ते २८ एप्रिल २०२५ या काळात आम्ही नाशिक येथे होतो व घर बंद होते. या काळात घर बंद असल्याचे कारण देऊन प्रत्येकी ९६ युनिटची दोन सरासरी बिले देण्यात आली. ती मी भरली आहेत. आमचा मीटर जिन्याखाली, घराबाहेर असून रस्त्यावरून दिसतो. घराला कुलूप असतानाही त्याचे रीडिंग घेता येते.

दि. १३ मे रोजी मी आपल्या कार्यालयात खिडकी क्र. ३ वर चौकशी केली. तेथील कर्मचाऱ्याने "आधी भरा, मग बघू" असे सांगितले.

माझी विनंती आहे की,
१. माझ्या उपस्थितीत मीटरचे रीडिंग घ्यावे.
२. दि. ८ मेचे बिल रद्द करून प्रत्यक्ष रीडिंगनुसार नवे बिल द्यावे.
३. सरासरी बिलांपोटी भरलेल्या १९२ युनिटची रक्कम त्यात वळती करावी.
४. केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.

हा वाद मिटेपर्यंत मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम मी अंडर प्रोटेस्ट भरत आहे. तोपर्यंत पुरवठा खंडित करू नये.

आपला,
(सही)

सोबत: १) दि. ८ मेच्या बिलाची प्रत २) दोन सरासरी बिलांच्या प्रती व पावत्या ३) मीटरचा दि. १४ मेचा फोटो ४) प्रवासाची तिकिटे

---

शाळामास्तर_वि | १८ मे, १०.४०

"मीटर उलटा फिरत नाही" हे वाक्य मला आधी खटकलं, पण पुन्हा वाचल्यावर पटलं. "आपला" च्या जागी "आपला विश्वासू" करा.

---

देव_लघुलेखक | १८ मे, ११.१५

छान झालाय. दोन बारीक गोष्टी. "देण्यात आली" एका जागी राहिलंय, पण बिलं कोणी दिली हे उघड असल्याने तिथे चालेल. दुसरं, इथे ग्राहक क्रमांक झाकलास ते योग्य केलंस, पण खरी प्रत काढताना तो बिल समोर ठेवून एकेक अंक बोट लावून लिही. तू लिही आणि नानांना मोठ्याने वाचायला लाव. उलट नको. ज्याने लिहिलं तोच वाचायला बसला तर त्याला लिहिलेलं दिसतं, छापलेलं नाही.

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

नीता_गो | १८ मे, १२.००

दिवाळीचं गाळलंत का? गेल्या दिवाळीतही असंच झालं होतं म्हणाले ना. पुन्हा पुन्हा होतंय हे दिसलं तर जोर येईल.

---

मृण्मयी_क | १८ मे, १२.२०

तेव्हाचं बिल सापडत नाही, नीताताई. नानांना आकडाही आठवत नाही. देवकाका म्हणतात तसं, जे कागदावर दाखवता येत नाही ते या अर्जात नको असं ठरवलं. पण नाना अजून नाराज आहेत, म्हणतात ते खरं आहे तर लिहायचं का नाही?

---

वीजग्राहक_ठा | १८ मे, १२.४५

जुनी बिलं ग्राहक क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात का बघा. मिळालं तर त्यासाठी वेगळा अर्ज करा. या अर्जात मिसळलंत तर दिवाळीचा वाद मोठा होईल आणि ८७३८ बाजूला पडेल.

---

मृण्मयी_क | २० मे, संध्या. ७.३०

काल अर्ज दिला. नाना स्वतः आले होते. खिडकी तीनवर तोच माणूस होता. आधी म्हणाला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळत नाही, पण नाना तिथेच उभे राहिले आणि मग त्याने आतून शिक्का मारून आणला. आवक क्रमांक मिळाला. सरासरीची रक्कम भरली, पावतीच्या मागे "अंडर प्रोटेस्ट" असं खिडकीवरच लिहून घेतलं. आज सकाळी एक जण येऊन जिन्याखाली रीडिंग घेऊन गेला, ७८८३. नाना त्याच्या शेजारी उभे राहून स्वतःच्या वहीत लिहीत होते.

गेल्या नोव्हेंबरचं बिल संकेतस्थळावर सापडलं. नाना जेवण झाल्यावर बसू म्हणताहेत, रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलंय.